प्लाझ्मिड मिनीप्रेपचा प्रोटोकॉल मराठीत: पायऱ्या, तीव्रता आणि वेळा तपासून हव्या आहेत

सायली_ग

संशोधनाला नव्याने लागलेल्या मुलांसाठी रोजचे प्रोटोकॉल मराठीत नीट करून ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. सुरुवात अल्कलाइन लायसिसने प्लाझ्मिड वेगळं करण्यापासून, कारण बहुतेकांच्या हाताला पहिला तोच प्रयोग लागतो. मुलांना इंग्रजी कळतं. पण एका हातात पिपेट, दुसऱ्या हातात नळी आणि घड्याळ चालू असताना वाक्य एका नजरेत उतरावं लागतं, आणि तिथे ती अडखळतात.

भिंतीवर एक जुनी मराठी प्रत लावलेली आहे. ती कोणी केली ते आता कोणालाच आठवत नाही. तिच्यावरून काम करणाऱ्यांना प्लाझ्मिड कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि मूळ इंग्रजी प्रोटोकॉल मात्र व्यवस्थित चालतो. म्हणजे गोंधळ भाषेत आहे असं मला वाटतं. प्रत जशीच्या तशी देते:

१. दीड मिली कल्चर फिरवा. वरचा द्रव काढा.
२. १०० मायक्रोलिटर द्रावण १ घालून पेलेट मोकळं करा.
३. २०० मायक्रोलिटर द्रावण २ घाला. हलवा. ५ मि. ठेवा.
४. १५० मायक्रोलिटर थंड द्रावण ३ (५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट) घाला. हलवा. बर्फात ५ मि. उबवा.
५. ५ मि. फिरवा. वरचा द्रव काढा.
६. इथेनॉल घालून दुप्पट करा. २ मि. ठेवा. ५ मि. फिरवा. वरचा द्रव काढा.
७. ७०% इथेनॉलने धुवा. सुकवून ५० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळवा.

द्रावण १ म्हणजे ५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर ईडीटीए. द्रावण २ म्हणजे ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १% एसडीएस, त्याच दिवशी केलेलं. कुठे काय बिघडतंय असं तुम्हाला दिसतं?

अपकेंद्री

"वरचा द्रव काढा" हे वाक्य तीन वेळा आलंय आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ सारखा नाही. पहिल्या पायरीत वरचा द्रव म्हणजे जिवाणू वाढवलेलं माध्यम, ते टाकायचं. पाचव्या पायरीत प्लाझ्मिड वरच्या द्रवातच आहे, तो जपून घ्यायचा आणि खालचा पांढरा गोळा टाकायचा. सहाव्यात प्लाझ्मिड तळाशी बसलंय, म्हणून वरचं पुन्हा टाकायचं.

मराठीत "काढून घ्या" आणि "काढून टाका" यांत सगळा फरक दुसऱ्या क्रियापदाचा आहे, आणि या प्रतीत नेमकं तेच गाळलंय. नवा मुलगा पहिल्या पायरीत द्रव टाकतो, म्हणून पाचव्यातही टाकतो. एवढ्यावर थांबू नका, द्रव कुठे जातो तेही लिहा: "कचऱ्याच्या बाटलीत टाका" किंवा "नव्या नळीत घ्या, ही नळी जपा". जागेचं नाव आलं की शंका उरत नाही.

कोणी पाचव्या पायरीत चुकलंय का, ते शेवटच्या पेलेटवरून ओळखता येतं. प्लाझ्मिडचं पेलेट अगदी लहान असतं, बऱ्याचदा जवळपास दिसतही नाही. त्याऐवजी नळीच्या तळाशी भरपूर पांढरं काहीतरी असेल आणि ते टीईमध्ये विरघळायला तयार नसेल, तर त्याने गोळा ठेवला आणि प्लाझ्मिड ओतून दिलं.

शब्दवेडा

मुळात अर्धे शब्द इंग्रजी, अर्धे मराठी अशी खिचडी आहे म्हणूनच हे होतं. पारिभाषिक शब्द एकदा पक्के करावेत. कॉन्सन्ट्रेशनला "संहती" हा शाळेपासून चालत आलेला शब्द आहे. सेंट्रिफ्यूजला अपकेंद्री, इन्क्युबेशनला उबवण. सगळीकडे एकच शब्द ठेवला तर चूक होणारच नाही.

अपकेंद्री

@शब्दवेडा, एका गोष्टीला एकच शब्द हे पटलं. संहती म्हणा किंवा तीव्रता म्हणा, पण एका प्रतीत एकच. उबवण मात्र इथे चालणार नाही. चौथी पायरी पाहा, "बर्फात उबवा". उबवण्यात ऊब आली. नव्या मुलाला वाटेल आधी बर्फात ठेवायचं आणि मग ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. प्रोटोकॉलमध्ये इन्क्युबेट म्हणजे अमुक तापमानाला अमुक वेळ ठेवून द्या, एवढंच. "बर्फावर ५ मिनिटे ठेवा" यात काहीच कमी पडत नाही.

मृदगंध

छान धागा. माझा प्रबंध माती परीक्षणावर आहे आणि त्याचा सारांश मराठीत द्यायचाय. कोणी भाषांतर करून देईल का? साधारण पंधरा पानं आहेत.

सायली_ग

@मृदगंध, इथे बाकावर वापरायच्या प्रतीबद्दल बोलतोय. प्रबंधासाठी वेगळा धागा काढलात तर मदत करणारे नक्की भेटतील.

@अपकेंद्री, "काढा"बद्दलचं एकदम पटलं. मोठं पांढरं पेलेट मी स्वतः पाहिलंय. एकाला ते फार भरघोस उत्पादन वाटलं होतं. आता तिसऱ्या पायरीबद्दल सांगाल का? मूळ प्रोटोकॉलमध्ये तिथे "पाच मिनिटांपेक्षा जास्त नको" असं आहे.

अपकेंद्री

सांगतो, आणि जरा सविस्तर, कारण वेळेच्या भाषांतरात सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

ही पद्धत बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ साली मांडली. तिची सगळी करामत अशी की अल्कलीत डीएनएचे दोन्ही धागे सुटतात, पण प्लाझ्मिडचं वर्तुळ बंद असल्यामुळे त्याचे धागे एकमेकांत अडकलेले राहतात. तिसऱ्या द्रावणाने अल्कली मारली की ते पटकन पूर्ववत जुळतात. जिवाणूच्या गुणसूत्राचा लांबलचक डीएनए तसा जुळत नाही. तो प्रथिनं आणि एसडीएसबरोबर पांढऱ्या गोळ्यात अडकून खाली बसतो.

अल्कलीत जास्त वेळ गेला तर मात्र प्लाझ्मिडही कायमचं बिघडायला लागतं. जेलवर नेहमीच्या सुपरकॉइल्ड पट्टीच्याही पुढे धावलेली एक पट्टी दिसते, आणि ईकोआरआय घातलं तरी ती कापली जात नाही. मुलांना वाटतं एन्झाइम खराब झालं.

"५ मि. ठेवा" वाचून मुलगा पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत थांबतो, आणि थोडं जास्त झालं तर बरंच असं समजतो. मूळ वाक्य तर वरची मर्यादा सांगतंय. म्हणून लिहा: "द्रव स्वच्छ आणि चिकट झाला की पुढे चला. ५ मिनिटांच्या वर एक क्षणही नको."

आणखी एक. हे घड्याळ कधी लावायचं? समजा १२ नळ्या आहेत आणि एका नळीत द्रावण घालून ती उलटीसुलटी करायला २० सेकंद लागतात. म्हणजे सगळ्या नळ्या व्हायला ४ मिनिटं. पहिल्या नळीपासून घड्याळ लावलं आणि पाच मिनिटांनी त्याच क्रमाने, त्याच गतीने द्रावण ३ घालत गेलो, तर प्रत्येक नळीला पाचच मिनिटं मिळतात. शेवटची नळी झाल्यावर घड्याळ लावलं, तर प्रत्येक नळी जवळपास ९ मिनिटं अल्कलीत राहते. वाक्य तेच, घड्याळही पाच मिनिटांचंच. म्हणून प्रतीत "पहिल्या नळीत द्रावण २ घातल्यापासून ५ मिनिटे" असं हवं.

"हलवा" हाही शब्द नको. हलवा वाचून मुलं नळी व्हॉर्टेक्सवर धरतात. त्याने गुणसूत्राचे तुकडे पडतात, ते गोळ्यात अडकत नाहीत आणि प्लाझ्मिडबरोबर वर येतात. "झाकण लावून नळी पाच वेळा सावकाश उलटी-सुलटी करा" असं लिहा. दुसऱ्या पायरीत मात्र पेलेट मोकळं करताना व्हॉर्टेक्स चालतं, उलट हवंच. गुठळ्या राहिल्या तर त्यांच्या आतले जिवाणू फुटत नाहीत.

कोरी_पाटी

मी नवीन विद्यार्थिनी आहे, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते. सहाव्या पायरीतलं "इथेनॉल घालून दुप्पट करा" मी असं वाचते: वरचा द्रव ४०० आहे, तर एकूण ८०० होईपर्यंत इथेनॉल घालायचं, म्हणजे आणखी ४००. बरोबर ना?

अपकेंद्री

मराठी म्हणून तुमचं वाचन अगदी बरोबर आहे. प्रोटोकॉल म्हणून चूक आहे, आणि दोष प्रतीचा आहे. मूळ सूचना आहे ती दोन आकारमान इथेनॉल घालायची. ४०० द्रव असेल तर इथेनॉल ८००, आणि नळीत एकूण १२००.

४०० मध्ये ४०० घातलं की इथेनॉल निम्मं होतं. ८०० घातलं की दोन तृतीयांश. निम्म्यावर डीएनए पुरेसा खाली बसत नाही, म्हणून पेलेट कधी थोडंसं येतं, कधी येतच नाही. सायलीताई, तुमचं "कधी मिळतं, कधी नाही" बहुधा इथून येतंय. एखाद्याने दुप्पटचा अर्थ दोनपट घेतला तर त्याला मिळतं, शेजारच्याला नाही.

नळी अजून ओतून दिली नसेल तर ती वाया गेली असं समजू नका. आणखी ४०० इथेनॉल घालून पुन्हा फिरवा.

जांभूळ

एक आकारमान पुरतं हो. आमच्याकडे ४०० ला ४०० सुद्धा घालत नाही, थोडं कमीच घालतो, आणि पेलेट चांगलं येतं. उगाच इथेनॉल वाढवू नका.

अपकेंद्री

@जांभूळ, तुमच्या बाटलीवरचं नाव एकदा वाचून सांगाल का?

जांभूळ

पाहिलं. आयसोप्रोपॅनॉल आहे. आम्ही सगळे त्याला नुसतं "अल्कोहोल" म्हणतो.

अपकेंद्री

मग तुमचं प्रमाण बरोबरच आहे. आयसोप्रोपॅनॉल ०.६ ते १ आकारमान पुरतं. इथेनॉल दोन लागतं. फक्त तुमच्याकडच्या प्रतीत "अल्कोहोल" लिहिलं असेल तर ते आजच बदला. तुमच्याकडून शिकलेला मुलगा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला की इथेनॉलची बाटली उचलेल आणि तुमचं प्रमाण वापरेल.

तुषार_व

थोडं वेगळं आहे, पण आमच्याकडे ट्रान्सफॉर्मेशनच्या मराठी प्रतीत एक ओळ होती: "४२ से. ला ९० से. ठेवा." पहिलं से. सेल्सिअस, दुसरं सेकंद. लिहिणाऱ्याला स्पष्ट होतं. एका मुलीने ते दोन टप्पे समजून वाचलं: आधी ४२ सेकंद, मग ९० सेल्सिअसला. ९० अंशांवर जिवाणू मरतात, प्लेटवर एकही वसाहत आली नाही. सगळे कॉम्पिटंट सेल्सना दोष देत बसले, आणि नव्या बॅचवरही तेच झालं. शेवटी कोणीतरी तिच्या शेजारी उभं राहून पाहिलं तेव्हा वॉटर बाथवरचा आकडा दिसला.

तुमच्या प्रतीतलं "मि." पण असंच आहे. मिनिट, मिली, मिलिमोलर, सगळ्यांची सुरुवात मि. आमच्याकडे आता नियम आहे की मिनिट आणि सेकंद पूर्ण लिहायचे आणि तापमानाला "अंश" लावायचाच: "४२ अंशांवर ९० सेकंद".

शब्दवेडा

हे पटलं. संक्षेप काढून टाकले तरी चालतील, शब्द काही इतके लांब नाहीत.

आकड्यांचं काय? मराठी प्रत असेल तर आकडे देवनागरीच असावेत असं माझं ठाम मत आहे.

तुषार_व

मला तिथे भीती वाटते. देवनागरी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ७ हा 6 सारखा. पिपेटवर, सेंट्रिफ्यूजच्या पडद्यावर, बाटलीच्या लेबलवर सगळीकडे इंग्रजी आकडे. डोळा प्रतीवरून उपकरणावर जातो तेव्हा आकडा मनात बदलावा लागू नये.

कोरी_पाटी

मला देवनागरी आकडे वाचायला काहीच अडचण नाही, पण पिपेट लावताना मी प्रत्येक वेळी मनात इंग्रजीत म्हणते हे खरं. नक्की काय बरं, सांगता येत नाही.

सायली_ग

आकड्यांचं सध्या तसंच ठेवते. दोन्ही प्रती काढून मुलांनाच वापरायला देईन.

मला चौथ्या पायरीबद्दल विचारायचंय. कंसात "५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट" आहे. इंग्रजी प्रोटोकॉलमध्ये द्रावण ३ वेगळ्या पानावर दिलंय: ५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट ६० मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ११.५ मिली, पाणी २८.५ मिली. प्रतीत हे गाळलंय. यानेही फरक पडेल का?

अपकेंद्री

फार. आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त घातक.

बनवलेल्या द्रावणात पोटॅशियम ३ मोलर आणि ॲसिटेट ५ मोलर असतं. ६० मिलीचे १०० मिली झाले म्हणून पोटॅशियम ३ वर आलं. ॲसिटेटला मात्र ॲसिडकडून आणखी साधारण २ मोलर मिळालं. म्हणून या द्रावणाची तीव्रता एका आकड्यात सांगताच येत नाही. नुसतं "५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट" वाचलं की मुलगा कपाटातली ५ मोलरची बाटली उचलतो आणि तीच थेट वापरतो. तिच्यात ॲसिड नाही.

आता नळीत काय होतं पाहा. द्रावण २ मधून २०० मायक्रोलिटर ०.२ नॉर्मल, म्हणजे ४० मायक्रोमोल अल्कली आत गेली. खऱ्या द्रावण ३ च्या १५० मायक्रोलिटरमध्ये सुमारे ३०० मायक्रोमोल ॲसिड असतं, अल्कली मारून वर उरतं. कपाटातल्या बाटलीत ते जवळपास शून्य. अल्कली तशीच राहते आणि प्लाझ्मिड तीतच बसून राहतं.

गंमत म्हणजे पांढरा गोळा तरीही येतो. पोटॅशियम आणि एसडीएस भेटले की अविद्राव्य साका होतोच, ॲसिड असो वा नसो. मुलगा गोळा पाहून समजतो पायरी झाली. खात्री करायची असेल तर गोळ्यावरच्या द्रवाचा एक थेंब पीएच पट्टीवर टाका. आणि बाटली उघडल्यावर ॲसिटिक ॲसिडचा उग्र वास आला नाही, तर ते द्रावण ३ नाही.

जांभूळ

मग प्रतीत तीव्रता लिहूच नये का? नुसतं "लाल झाकणाची बाटली, १५० मायक्रोलिटर" असं लिहिलं तर मुलं चुकणार नाहीत.

अपकेंद्री

बाकावरच्या पानात बाटलीचं नाव पुरेल, तीव्रता मागच्या पानावर, असं काही जण करतात. मला ते पूर्ण पटत नाही. बाटली संपल्यावर नवी कोण आणि कशावरून बनवणार? पण पानावर गर्दी झाली की मुलं आकडेच चुकीचे उचलतात हेही खरं. यावर माझं मत पक्कं नाही.

सायली_ग

सगळ्यांचं घेऊन तिसरी ते सहावी पायरी अशी केली आहे. प्रत्येक ठिकाणी नळीत एकूण किती हवं तेही घातलंय, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडता येईल.

३. २०० मायक्रोलिटर द्रावण २ घाला. याच क्षणी, पहिल्या नळीपासून, घड्याळ लावा. झाकण लावून नळी पाच वेळा सावकाश उलटी-सुलटी करा. व्हॉर्टेक्स नको. द्रव स्वच्छ आणि चिकट झाला की पुढे चला. कोणतीही नळी ५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. नळीत एकूण सुमारे ३०० मायक्रोलिटर.

४. त्याच क्रमाने प्रत्येक नळीत १५० मायक्रोलिटर थंड द्रावण ३ घाला. लेबलवर "पोटॅशियम ३ मोलर, ॲसिटेट ५ मोलर" असलेली बाटली घ्या, नुसत्या पोटॅशियम ॲसिटेटची नको. नळी सावकाश उलटी-सुलटी करा. पांढरा गोळा दिसेल. बर्फावर ५ मिनिटे ठेवा. नळीत एकूण सुमारे ४५० मायक्रोलिटर.

५. ४ अंशांवर, पूर्ण वेगाने, ५ मिनिटे फिरवा. वरचा द्रव पिपेटने नव्या नळीत घ्या. प्लाझ्मिड यात आहे. पांढरा गोळा जुन्या नळीतच राहू द्या. जेवढा द्रव आला तो आकडा वहीत लिहा.

६. त्या आकड्याच्या दोनपट इथेनॉल घाला. द्रव ४०० असेल तर इथेनॉल ८००, नळीत एकूण १२००. खोलीच्या तापमानाला २ मिनिटे ठेवा. पूर्ण वेगाने ५ मिनिटे फिरवा. वरचा द्रव कचऱ्याच्या बाटलीत टाका. नळी जपा.

कोरी_पाटी

पाचवी पायरी वाचताना पहिल्यांदाच कळलं की प्लाझ्मिड त्या क्षणी कुठे आहे. असंच दुसऱ्या पायरीतही लिहाल का?

तुषार_व

"पूर्ण वेगाने" म्हणजे किती? आमच्याकडचं एक जुनं मशीन आणि एक नवं, दोघांचा पूर्ण वेग वेगळा आहे. आरपीएम लिहिलं तरी रोटर बदलला की बळ बदलतं.

अपकेंद्री

छोट्या नळ्यांच्या सेंट्रिफ्यूजवर या पायरीला पूर्ण वेग चालून जातो, थोडं कमीजास्त झालं तरी गोळा बसतो. पण दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये, विशेषतः जिवंत पेशी फिरवताना, ते चालणार नाही. तिथे किती g ते लिहावं लागेल आणि मशीनवर तेच बटण दाबायला शिकवावं लागेल. सायलीताई, पुढचा प्रोटोकॉल कोणता घेताय?

सायली_ग

कॉम्पिटंट सेल्स. म्हणजे तिथेच अडकणार. मसुदा झाला की याच धाग्यावर टाकते.